मंदावलेला गेटवे

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखाधिकाऱ्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, वैताग होता. "साहेब, ओटीपी येतच नाही असं नाही. येतोय. पण माणूस कंटाळून रांगेतून बाहेर पडलं, पायरीवर जाऊन बसलं, की मग येतोय. आणि आत येऊन सांगेस्तोवर त्याची मुदत संपलेली."

आदल्या दिवशी दुधाचं दहा दिवसांचं बिल खात्यांवर जमा झालं होतं, त्यामुळे पैसे काढायला गर्दी होती. पैसे काढताना सभासदाच्या मोबाइलवर सहा आकडी कोड जातो, तो त्याने खिडकीवर सांगायचा, मग रक्कम मिळते. हा कोड पाठवणारी प्रणाली आमची. पुण्यातली आमची छोटी कंपनी दोनशेच्या आसपास पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवते आणि त्यातला एसएमएसचा भाग माझ्याकडे आहे. म्हणजे कोड वेळेवर पोचला तर माझं नाव कुणाला ठाऊक नसतं, आणि नाही पोचला तर दोनशे शाखाधिकाऱ्यांना माझा नंबर पाठ असतो.

मी स्क्रीन पाहिली. सगळं हिरवं. गेटवे बंद पडला तर वाजणारी घंटा आमच्याकडे होती, पण ती वाजली नव्हती, कारण गेटवे बंद पडलाच नव्हता. तो मंदावला होता. एरवी तीन दशांश सेकंदात उत्तर देणारा तो आता बारा सेकंद घेत होता.

इथे गेटवे म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्यासारखी कंपनी थेट मोबाइल कंपन्यांना संदेश देत नाही. मधे एक घाऊक व्यापारी असतो, तो एसएमएस गेटवे. आम्ही इंटरनेटवरून त्याच्याकडे मजकूर आणि नंबर देतो, तो पोच म्हणून एक क्रमांक देतो, आणि मग मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्राकडे तो संदेश सोपवतो. तिथून तो हँडसेटवर जातो. हँडसेटवर पोचला की उलट्या वाटेने 'पोचला' असा निरोप येतो. गेटवेने दिलेली पोच आणि हा 'पोचला'चा निरोप या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. कुरिअरच्या दुकानात मिळालेली पावती म्हणजे पार्सल घरी पोचलं असं नव्हे, तसंच हे.

बारा सेकंद म्हणजे काही फार नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हिशोब करून पाहा. आमच्या प्रणालीत संदेश पाठवणाऱ्या चाळीस खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकी एक संदेश गेटवेला देते, उत्तराची वाट पाहते आणि मगच पुढचा घेते. उत्तर तीन दशांश सेकंदात येत असेल तर चाळीस खिडक्या मिळून सेकंदाला सव्वाशेहून जास्त संदेश सहज पाठवतात. गर्दीच्या वेळी आमच्याकडे सेकंदाला दहाच संदेश येतात, म्हणजे बहुतेक खिडक्या रिकाम्याच. उत्तराला बारा सेकंद लागू लागले, की त्याच चाळीस खिडक्या सेकंदाला जेमतेम सव्वातीन संदेश पुढे ढकलतात. येतात दहा, जातात सव्वातीन. दर सेकंदाला साडेसहा-पावणेसात संदेश रांगेत साचत जातात.

दीड मिनिटात रांगेत सहाशे संदेश झाले. सेकंदाला सव्वातीनच्या वेगाने सहाशे उपसायला तीन मिनिटं लागतात, आणि आमच्या कोडची मुदत नेमकी तीन मिनिटांचीच. म्हणजे मंदी सुरू झाल्यावर दीड मिनिटाने जो सभासद खिडकीशी आला, त्याचा कोड रांगेतच मरणार हे ठरून गेलं. त्याच्यानंतरच्या प्रत्येकाचाही. आमची प्रणाली इमानेइतबारे राबत होती आणि फक्त मेलेले कोड पाठवत होती. त्यात कोड आला नाही म्हणून खिडकीवरचा कारकून 'पुन्हा पाठवा' दाबत होता, म्हणजे सेकंदाला दहाचे वीस होत होते.

गेटवे पूर्ण बंद असता तर जोडणीच झाली नसती, चूक तत्काळ दिसली असती आणि घंटा वाजली असती. मंद गेटवे चूक दाखवत नाही. आमचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, तीस सेकंदांची होती. कुणी तरी कधी तरी 'असू दे भरपूर' म्हणून ठेवलेला आकडा. उत्तर बाराव्या सेकंदाला येत होतं, त्यामुळे प्रणालीच्या लेखी प्रत्येक संदेश यशस्वी. त्या दिवसानंतर मी पहिलं काम केलं ते हा आकडा तीन सेकंदांवर आणण्याचं. नेहमीच्या वेळेच्या दहापट सवड दिली, तेवढी पुरे. त्यापेक्षा उशीर झाला तर तो बिघाडच धरायचा.

पण टाइमआउट कमी केला की पुढचा प्रश्न येतो: संदेश फसला, आता काय? पुन्हा प्रयत्न करायचा हे उत्तर कुणीही देईल. ते अर्धवट उत्तर आहे. जो गेटवे आधीच भाराने वाकला आहे, त्याच्यावर प्रत्येक फसलेला संदेश लगेच परत आदळला तर त्याला सावरायला फुरसत मिळत नाही. शिवाय पुन्हा प्रयत्न करायची हौस एकाच ठिकाणी नसते. आमच्या प्रणालीत ती तीन ठिकाणी निघाली: शाखेतल्या संगणकावर, आमच्या सर्व्हरवर आणि गेटवेशी बोलणाऱ्या भागात. तिन्ही ठिकाणी तीन-तीन वेळा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. एका सभासदाने एकदा मागितलेल्या कोडसाठी आजारी गेटवेचं दार सत्तावीस वेळा ठोठावलं जाऊ शकत होतं. तिघांनीही आपापल्या जागी शहाणपणाच केला होता. आता पुन्हा प्रयत्न करायचा अधिकार फक्त शेवटच्या भागाला आहे, बाकीचे दोघे गप्प बसतात.

आणि तो भागही लगेच प्रयत्न करत नाही. पहिल्यांदा फसला की सुमारे एक सेकंद थांबायचं, मग दोन, मग चार, मग आठ. दर वेळी थांबणं दुप्पट. याला बॅकऑफ म्हणतात. ही युक्ती एसएमएसपेक्षा बरीच जुनी आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवरच्या विद्यापीठात अलोहानेट नावाचं रेडिओवर चालणारं संगणकांचं जाळं उभं राहिलं. एकच रेडिओलहरी सगळ्यांत वाटलेली. दोन बेटांवरचे संगणक एकाच क्षणी बोलले की दोघांचंही वाया. मग दोघांनी थोडं थांबून पुन्हा बोलायचं. पण दोघेही सारखंच थांबले तर पुन्हा एकाच क्षणी बोलणार आणि पुन्हा टक्कर. म्हणून किती थांबायचं हे प्रत्येकाने स्वैरपणे, फासे टाकल्यासारखं ठरवायचं. पुढे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट बांधलं, तेव्हा टक्कर होत राहिली की थांबण्याची कमाल मर्यादा दुप्पट करत न्यायची ही भर घातली. इथरनेटच्या प्रमाणित नियमात सोळा प्रयत्न फसले की नाद सोडायचा, हेही लिहिलेलं आहे. सोडून द्यायचं कधी, हे आधी ठरवणं मला थांबण्याच्या हिशोबाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

फाशांची गरज आम्हालाही पडली. समजा एका क्षणी शंभर संदेश एकत्र फसले. सगळे बरोबर एक सेकंद थांबले, तर पुढच्या सेकंदाला शंभरच्या शंभर पुन्हा एकदम दारात. मग दोन सेकंदांनी पुन्हा शंभर. एसटी स्टँडवर गाडी लागली की एकच झुंबड उडावी तसं. म्हणून 'चार सेकंद थांब' याचा अर्थ आमच्याकडे 'शून्य ते चार यांमधला कुठला तरी आकडा काढ आणि तेवढं थांब' असा आहे. या मुद्दाम केलेल्या विस्कळीतपणाला जिटर म्हणतात. झुंबडीची रांग होत नाही, पण माणसं विखुरतात, आणि तेवढ्याने काम भागतं. कोड आला नाही की 'पुन्हा पाठवा'चं बटण राखाडी होऊन तीस सेकंद उलटे मोजत बसतं ना? तेही याच जातीचं. तो बॅकऑफ तुमच्या बोटासाठी आहे.

कधी कधी गेटवे स्वतःच सांगतो, आता येऊ नका म्हणून. तेव्हा त्याचं उत्तर असं दिसतं:

```
HTTP/1.1 503 Service Unavailable
Retry-After: 30
```

म्हणजे 'सध्या जमत नाही, तीस सेकंदांनी या.' असं स्पष्ट सांगितलं असताना आपले फासे टाकत बसायचं नाही, त्याचं ऐकायचं. आणि काही चुका अशा असतात, की तिथे थांबूनही उपयोग नाही आणि दुसरीकडे जाऊनही नाही. नंबर नऊच आकडी असेल तर तो उद्याही नऊच आकडी असणार. अशा संदेशाला परत पाठवणं म्हणजे चुकीच्या पत्त्याचं पत्र नव्या पोस्टातून टाकणं.

ओटीपीच्या बाबतीत एक अडचण आहे. बॅकऑफचा स्वभाव सबुरीचा, आणि कोडचं आयुष्य तीन मिनिटांचं. आठ, सोळा, बत्तीस करत बसलो तर शिस्त पाळली जाईल आणि सभासद निघून जाईल. म्हणून आम्ही सबुरीची दोन पातळ्यांवर वाटणी केली. एकट्या संदेशाच्या पातळीवर सबुरी अगदी थोडी: पहिल्या गेटवेवर तीन सेकंद, मग एखाद्या सेकंदाची उसंत, पुन्हा तीन सेकंद, आणि तरी जमलं नाही तर दुसरा गेटवे. हे सगळं दहा सेकंदांच्या आत. दुसराही फसला तर आलटूनपालटून आणखी थोडे प्रयत्न, आणि पंचेचाळीस सेकंदांवर थांबून खिडकीवरच्या कारकुनाला सरळ सांगायचं की एसएमएस जात नाहीये, ओळखपत्र पाहून रजिस्टरवर सही घ्या. खरी लांबलचक सबुरी ठेवायची ती गेटवेच्या पातळीवर: पहिल्याकडे परत कधी जायचं, या निर्णयात.

त्यासाठी घरातल्या एमसीबीसारखी योजना आहे, आणि तिला नावही तेच आहे, सर्किट ब्रेकर. मायकेल नायगार्ड यांच्या 2007 सालच्या पुस्तकातून ही कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांत रुळली. आम्ही पहिल्या गेटवेवरचे शेवटचे पन्नास प्रयत्न डोळ्यांसमोर ठेवतो. त्यांतले वीस फसले, किंवा तीन सेकंदांत उत्तर आलं नाही, की एमसीबी पडते. गर्दीच्या वेळी, सेकंदाला दहा संदेश असताना, मंदी सुरू झाल्यापासून पाच-सहा सेकंदांत ती पडते. पडली की नवे संदेश पहिल्या गेटवेच्या वाटेलाही जात नाहीत, थेट दुसऱ्याकडे. त्या तीन सेकंदांची वाट पाहणंही वाचतं आणि चाळीस खिडक्या मोकळ्या राहतात. रात्री मात्र हा नियम कुचकामी ठरतो, कारण मिनिटाला एखादाच संदेश असतो आणि पन्नास जमायला तास लागेल. म्हणून जोडीला दुसरा साधा नियम आहे: सलग तीन फसले तरी पाडा.

पडलेली एमसीबी वर कधी करायची? तीस सेकंदांनी एक चाचणीचा संदेश पहिल्या गेटवेवर सोडतो. तो सभासदाचा नसतो. आमच्या ऑफिसातल्या कपाटावर तीन स्वस्तातले फोन कायम चार्जिंगला लावलेले असतात, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घातलेले. संदेश त्यांच्याकडे जातो. फसला तर पुढची चाचणी साठ सेकंदांनी, मग एकशेवीस, असं करत जास्तीत जास्त दहा मिनिटांनी. पास झाला तरी सगळी वाहतूक एकदम परत न्यायची नाही. नुकत्याच तापातून उठलेल्या माणसाला लगेच पोतं उचलायला लावत नाहीत. आधी दहातला एक संदेश, पाच मिनिटं नीट गेली तर निम्मे, मग सगळे. ही पायरी सुरुवातीला आम्ही ठेवली नव्हती, तेव्हा गेटवे सावरायचा, आम्ही पूर्ण भार टाकायचो, तो पुन्हा आडवा व्हायचा. दुपारभर वाहतूक दोन गेटवेंमध्ये झोके घेत होती.

हे सगळं यंत्र नंतरचं. त्या सोमवारी यातलं काहीच नव्हतं. पण दुसऱ्या गेटवेशी करार मात्र होता, वर्षभर, दर महिन्याला पैसे भरून. म्हणून अकराच्या सुमाराला मी हाताने वाहतूक तिकडे वळवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. दोन मिनिटांत शाखांचे फोन दुपटीने सुरू झाले. आधी कोड उशिरा येत होता, आता अजिबात येत नव्हता. दुसरा गेटवे तत्परतेने पोच देत होता आणि मोबाइल कंपन्या प्रत्येक संदेश फेटाळत होत्या.

कारण भारतात एसएमएस नुसता पाठवून चालत नाही. ट्रायच्या 2018च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला डीएलटी नावाच्या नोंदवहीत नाव नोंदवावं लागतं. फोनवर पाठवणाऱ्याच्या जागी जे सहा अक्षरी नाव दिसतं, त्याला हेडर म्हणतात, तेही तिथे नोंदवायचं. मजकुराचा साचा नोंदवायचा, कोडच्या जागी रिकामी जागा सोडून. एवढं आमच्या सगळ्या पतसंस्थांनी केलेलं होतं. पण डिसेंबर 2024पासून आणखी एक अट लागू झाली: संदेश संस्थेकडून निघून कुणाकुणाच्या हातून मोबाइल कंपनीपर्यंत जातो, ती साखळीही आधी जाहीर करून मंजूर करून घ्यायची. जाहीर न केलेल्या साखळीतून आलेला संदेश वाटेतच अडवला जातो. आमची जाहीर साखळी पहिल्या गेटवेची होती. दुसऱ्याचं नाव तिच्यात नव्हतंच. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण त्या वाटेने वर्षभरात एकही खरा संदेश गेला नव्हता.

आणि हे आमच्या हातातलंही नव्हतं. नोंदणी प्रत्येक पतसंस्थेच्या स्वतःच्या नावावर. म्हणजे दोनशे संस्थांतल्या कुणी तरी त्या पोर्टलवर जाऊन दुसऱ्या साखळीला मंजुरी द्यायची. कुठे पासवर्ड निवृत्त झालेल्या लिपिकाकडे, कुठे नोंदणीचा मोबाइल नंबर माजी सचिवांचा. त्या पोर्टलवर शिरायलाही ओटीपीच लागतो, ही गंमत तेव्हा कुणाला हसवण्यासारखी वाटली नाही. सगळ्या संस्थांचं काम पुरं व्हायला आम्हाला दीड महिना लागला. त्या सोमवारी मी अकरा वाजून दहा मिनिटांनी वाहतूक गुपचूप पहिल्या, मंद गेटवेवर परत आणली.

तेव्हापासून दुसऱ्या गेटवेवरून रोज दहातला एक संदेश जातोच, पहिला ठणठणीत असला तरी. साखळी तुटली, साचा बदलला, खात्यातले पैसे संपले, काहीही झालं तरी ते साध्या मंगळवारी कळतं, बाका प्रसंग येईपर्यंत थांबावं लागत नाही. हा खर्च आमच्या हिशोबनीसांना पटवायला मला दोन बैठका लागल्या.

दुसऱ्या गेटवेची ऐपत हाही असाच न दिसणारा प्रश्न. कराराप्रमाणे तो सेकंदाला वीस संदेश घेतो. आमची गर्दीची गरज दहा, मग भरपूर झाले, असा माझा समज. पण त्याची मोजणी संदेशाची नाही, तुकड्यांची. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. रोमन लिपीत ती 160 अक्षरं होतात, देवनागरीत फक्त 70. मजकूर त्याहून मोठा झाला की तो तुकड्यांत फुटतो आणि तुकडे जोडण्याच्या खुणांना जागा जाऊन देवनागरीचा प्रत्येक तुकडा 67 अक्षरांचा उरतो. त्यातही अक्षर म्हणजे आपण वाचतो ते अक्षर नव्हे. 'क्षेत्र' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. एसएमएसच्या लेखी तो सात आहे: क, हलन्ताची खूण, ष, मात्रा, त, पुन्हा हलन्त, र. आमचा मराठी साचा अशा मोजणीने दीडशेच्या घरात जात होता, म्हणजे तीन तुकडे. सेकंदाला दहा संदेश म्हणजे तीस तुकडे, आणि मर्यादा वीस. पहिल्यांदा खरी वाहतूक वळवली असती तर दुसऱ्या गेटवेनेही 'जरा हळू' म्हणत एक तृतीयांश संदेश परत केले असते. आम्ही साचा छाटला. 'सन्माननीय सभासद' आणि 'आपला विश्वासू' गेले, एका तुकड्यात कोड, कारण आणि मुदत एवढंच राहिलं. काही संचालकांना ते उद्धट वाटलं. शिवाय गर्दीत आधी ओटीपी जातात. सर्वसाधारण सभेची आमंत्रणं आणि दिवाळीच्या शुभेच्छा रांगेत थांबतात.

आता सगळ्यात निसरडी जागा. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही म्हणून आपण फोन ठेवला, याचा अर्थ संदेश गेला नाही असा होत नाही. कदाचित गेटवेने तो घेतला असेल आणि फक्त 'घेतला' म्हणायला उशीर केला असेल. आपण तो दुसऱ्या गेटवेवरून पाठवतो, आणि सभासदाला दोन संदेश येतात. हे पूर्णपणे टाळायचा उपाय नाही. टाळता येतं ते नुकसान. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक प्रयत्नाला नवा कोड तयार व्हायचा आणि जुना रद्द व्हायचा. मंद वाटेने आलेला जुना कोड नंतर पोचला, की माणूस फोनवरचा सगळ्यात वरचा कोड सांगणार आणि तो चुकीचा ठरणार. तीनदा चुकला की खातं अर्ध्या तासासाठी बंद. आता मुदत असेपर्यंत एका व्यवहाराला एकच कोड. तो पहिल्या वाटेने येवो, दुसऱ्या वाटेने येवो, दोन्हींनी येवो, आकडे तेच.

पैसे काढल्याच्या सूचनेचं मात्र उलट. 'आपल्या खात्यातून 5,000 रुपये काढले' हा संदेश दोनदा आला तर माणूस घाबरून शाखेत धावतो, दहा हजार गेले म्हणून. या संदेशाला घाई नसते. म्हणून तो फसल्यासारखा वाटला तरी लगेच दुसरीकडे जात नाही. आमच्या स्वतःच्या क्रमांकाने आधी पहिल्या गेटवेलाच विचारतो, हा घेतलास का? उत्तर मिळेपर्यंत बॅकऑफ करत दहा-पंधरा मिनिटंही थांबतो.

इतकं करूनही एक प्रकारची मंदी या सगळ्या जाळ्यातून निसटते. गेटवे पटकन पोच देतो, एमसीबी खूश, पण पुढे मोबाइल कंपनीकडे संदेश तुंबलेला. 'पोचला'चे निरोप बघावेत, तर तेही त्याच तुंबलेल्या वाटेने उशिरा येतात. कधी एकाच मोबाइल कंपनीची वाट बंद असते, आणि नंबरावरून कंपनी ओळखायची सोय 2011 साली नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागल्यापासून राहिलेली नाही. कपाटावरचे तीन फोन इथे उपयोगी पडतात. चाचणीचा संदेश निघाल्यापासून प्रत्येकावर वाजेपर्यंतचे सेकंद मोजले जातात. पण मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो दुसऱ्याच आकड्यावर: पाठवलेल्या शंभर कोडांपैकी किती जणांनी मिनिटभरात कोड सांगितला. हा आकडा एरवी आमच्याकडे नव्वदच्या आसपास फिरतो. तो सत्तरवर आला तर कुठला दिवा हिरवा आहे हे मी बघत नाही, वाहतूक वळवतो. गेटवे, मोबाइल कंपनी, टॉवर, हँडसेट, चष्मा शोधणारे आजोबा, सगळं त्या एका आकड्यात येतं.

आणि काही दिवशी वळवायला जागाच नसते. 8 मार्च 2021 रोजी डीएलटीच्या नोंदींशी प्रत्येक संदेश ताडून पाहायची व्यवस्था पहिल्यांदा पूर्णपणे लागू झाली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. ताडणी मोबाइल कंपन्यांकडे होती, म्हणजे सगळ्या गेटवेंच्या पुढे. पाच गेटवे जोडलेले असते तरी पाचही वाटा त्याच नाक्यावर येऊन थांबल्या असत्या. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ही ताडणी सात दिवसांसाठी स्थगित केली, तेव्हा कुठे संदेश वाहू लागले. लहान प्रमाणात हेच नेहमी घडतं: दोन गेटवेंशी दोन करार असतात आणि दोघेही एकाच मोबाइल कंपनीकडून घाऊक क्षमता घेत असतात. करार करण्याआधी 'तुमचा संदेश पुढे कुणाकडे देता' हे विचारावं. सगळेच सरळ उत्तर देतात असं नाही.

त्या सोमवारी गेटवे दुपारी अडीचला आपोआप सावरला. आम्ही रांग रिकामी केली, चहा मागवला, आणि मी समजलो की संपलं. मंगळवारी सकाळी साताऱ्याच्या त्याच शाखाधिकाऱ्यांचा फोन. "साहेब, काल रात्री दोन वाजता आमच्या गावात निम्म्या घरांतले मोबाइल वाजले. माझ्या आईला अकरा ओटीपी आले. तिला वाटलं, कुणी तरी खातं रिकामं करतंय. मला उठवून बसवलं."

आमच्या बाजूची रांग आम्ही रिकामी केली होती, पण गेटवेने स्वतःच्या पोटात साठवलेले संदेश तसेच होते, आणि त्याने ते रात्री सवडीने पोचते केले. संदेश देताना त्याला मुदत लिहिता येते, 'इतक्या वेळात पोचला नाही तर फेकून दे' म्हणून. आम्ही ती जागा कोरीच सोडली होती. आता तिथे तीन मिनिटं लिहितो. आईंना मी स्वतः फोन करून सांगितलं की पैसे सुरक्षित आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शनिवारी पासबुक भरून आणायला मुलालाच शाखेत पाठवलं.